भाजक्या मुरमुऱ्यांवरचं कच्चं तेल

नवऱ्याच्या हृदयात स्टेंट बसवला तेव्हा मी रडले नाही. अमरावतीच्या दवाखान्याबाहेर बसून चहा प्यायले, फोन घेतले, सगळ्यांना तेच तेच सांगितलं. मन कुठे गेलं होतं, देव जाणे.

खाण्याच्या मात्र मी हात धुऊन मागे लागले. हे संत्र्याच्या बाजारातून आले की आम्ही दोघं एकाच ताटलीत शेव-चिवडा खायचो, रोज. ते बंद. दुकानात पाकिटं उलटी करून वाचली. तळलेले चिप्स, शेव यांच्या शंभर ग्रॅममध्ये तेहतीस-पस्तीस ग्रॅम चरबी, म्हणजे तिसरा हिस्सा तेलच. बेक केलेल्या चिप्समध्ये जवळपास निम्मी. पण चरबी निम्मी आहे म्हणून ते आम्ही दुप्पट खाल्ले. मग मी तेही सोडून भाजक्या मुरमुऱ्यांवर आले.

काही महिन्यांनी यांची तपासणी झाली. वजन वाढलेलं, रक्तातली चरबीही. डॉक्टरांनी आहाराच्या बाईंकडे पाठवलं. असंच चाललं तर हृदयाची दुसरी नळी बंद व्हायचा धोका आहे, हेही सांगितलं.

"संध्याकाळी काय खाता?" बाईंनी विचारलं.

"तळलेलं बिलकुल नाई," हे छाती फुगवून म्हणाले. "भाजके मुरमुरे. त्याच्यावर कांदा, तिखट अन् कच्चं तेल."

"तेल किती?"

"दोन-तीन मोठे चमचे. कोरडं घशाखाली उतरते काय? अन् तेल त लाकडी घाणीचं हाये, तळलेलं थोडीच हाये!"

आमच्याकडे असंच खातात. मलाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "एका मोठ्या चमच्यात तेरा-चौदा ग्रॅम तेल असतं. घाणीचं असो की पाकिटातलं, शरीराला चरबी तेवढीच. मुरमुऱ्यांच्या वजनाइतकी शेव खाल्ली असती तरी याहून तेल कमी गेलं असतं. कधीतरी मूठभर तळलेलं खाल्लं तर चालेल. रोजचं मात्र मोजून, भाजलेलं, वरून तेल न घालता. फुटाणे घ्या."

 

आता संध्याकाळी त्यांच्यापुढे वाटीभर फुटाणे असतात. ते ठेवायला मी कधीच विसरत नाही, घड्याळासारखी ठेवते. एके दिवशी पाहुण्यांनी आणलेली शेव त्यांनीच डब्यातून काढून माझ्यासमोर ठेवली.

"तू खाय नं. तुले कोनं मना केलं?"

"मले नको."

"खाय वं. मी पायतो."

मी खाल्ली. ते फुटाणा चावत माझ्या हाताकडे बघत होते, ताटलीपासून तोंडापर्यंत. शेव ताजी होती, कुरकुरीत होती. मला तिची काहीच चव लागली नाही. तसं त्यांना सांगता आलं नाही, म्हणून संपेपर्यंत खात राहिले.