‘बघतो’ लिहिल्यानंतरचे एकतीस तास

मंगळवारी संध्याकाळी पाच वाजून आठ मिनिटांनी मी एक बदल मंजूर केला. तो सोमवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी माझ्या नावावर आला होता. वाचायला मला अठरा मिनिटं लागली.

आळेफाट्याला बॅटरीच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. आम्ही चौघं. कालव्याच्या पाणी वापर संस्थेसाठी आम्ही एक प्रोग्रॅम चालवत होतो. आवर्तन, म्हणजे कालव्याला ठरलेल्या दिवसांचं पाणी, सुटलं की कोणाच्या वावराला पाणी कधी येणार, याचा मेसेज तो शेतकऱ्याच्या मोबाइलवर सहा तास आधी पाठवायचा. त्याआधी मी अनेक वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर होतो. कोड लिहायला उशिरा शिकलो.

आमच्याकडे एक नियम होता. एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने वाचून मंजूर केल्याशिवाय मुख्य कोडमध्ये जायचा नाही. वाचण्याचं काम रीतसर एकाच्या नावावर टाकलं जायचं आणि ते त्याच्या कामांच्या यादीत दिसायचं. पण यादीतल्या माझ्या स्वतःच्या कामांपुढे तारीख असायची, वाचण्याच्या कामापुढे नसायची. ती जागा रिकामी असे.

सोमवारचा बदल टीममधल्या मुलीचा होता. ती आळे गावची. गावातल्या वाड्यांमधून कोणाला मेसेज चुकीचा आला की फोन तिला यायचा. जुन्या याद्या संस्थेचा कारकून हाताने लिहायचा. ‘मंगळवार रात्री साडेबारा’ असं तो लिहायचा, कारण झोपून उठेपर्यंत माणसाचा मंगळवारच असतो. कॅलेंडरने तो बुधवार. म्हणून मध्यरात्रीनंतरची वेळ दिसली की आमचा प्रोग्रॅम तारीख एक दिवस पुढे करायचा. या आवर्तनापासून याद्या टाइप होऊन, कॅलेंडरच्या तारखेनिशी येणार होत्या. प्रोग्रॅम त्याही पुढे ढकलणार होता. म्हणजे रात्रीच्या पाळीचा मेसेज पाणी येऊन गेल्यावर, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जाणार होता. तिने नव्या याद्यांसाठी ती ढकलाढकल बंद केली होती. बदल बारा ओळींचा होता. सोबतच्या वर्णनात तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं की नवी यादी मंगळवारी रात्रीपासून लागू आहे.

मी शीर्षक वाचलं आणि खाली लिहिलं, ‘बघतो’.

माझ्याकडे त्या दिवशी रिपोर्टचा एक स्क्रीन बनवायला होता. बुधवारी संस्थेच्या बैठकीत तो दाखवायचा होता. डेस्कवर मला सवय होती ती अशी: आपलं पान आधी लावायचं, दुसऱ्याची कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, मागाहून, पान मोकळं झालं की एका बैठकीत वाचायची. तिथे थांबलेल्या कॉपीने पान छापायला जाईपर्यंत कोणाचं काही अडत नसे. इथे ती रीत मी तशीच चालवली. सोमवारी दुपारी दुसरा सहकारी तासभर रिकामा होता. त्याने माझा ‘बघतो’ पाहिला आणि ते काम सोडून दिलं. हे त्याने मला नंतर सांगितलं.

संध्याकाळी निघताना ती माझ्या टेबलापाशी आली.

“दादा, उद्या माझी सुट्टी आहे. मामेबहिणीचं लग्न आहे महाळुंग्याला. ते बघताय ना?”

“बघतोय की.”

“मग मी चुलत्यांना सांगते, मेसेज आला की मगच जा म्हणून. मागच्या टायमाला दोन रात्री मोटरपाशी बसले व्हते फुकट.”

तिच्या चुलत्यांचं वावर चारीच्या, म्हणजे छोट्या कालव्याच्या, शेवटाला, वस्तीपासून लांब. तिथे पाळीची नक्की वेळ त्याच दिवशी कळते, कारण वरच्यांचं भिजणं मागेपुढे होतं. अर्ध्या एकरात कांद्याची लागवड करायची होती. रोप तयार होतं, वय होत चाललं होतं, आणि बुधवारी सकाळी लागवडीच्या बाया सांगून ठेवल्या होत्या. रात्री वावर भिजलं तर लागवड, नाहीतर नाही. हे सगळं तिने मला त्या दोन मिनिटांत सांगितलं होतं. मी स्क्रीनकडे पाहत ऐकलं.

मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास माझा रिपोर्ट झाला. मग मी चहा घेतला. चार पन्नासला तिचा बदल उघडला. तिसरी ओळ तेव्हा वाचली. कोड बरोबर होता. तिने चाचण्याही लिहिल्या होत्या, एक साडेबाराची, एक पहाटे चारची. मी मंजुरी दिली आणि टीमच्या प्रमुखाकडे गेलो.

“हे आजच चालू प्रोग्रॅममध्ये सोडायला लागेल.”

त्याने घड्याळ पाहिलं. “पेपरवाले, चारनंतर काय सोडत नाय आपण. मेसेज जायच्या टायमाला काय बिघडलं तर सगळ्या कालव्याला चुकीचे जातील. कवापासून आहे तुमच्याकडं?”

“कालपासून.”

“कालपासून? राव, बारा ओळी तर हायेत त्या! अग्रलेख होता का?”

मग तो हसायचं थांबला आणि यादी उघडली. साडेबारा ते पाच या वेळात तीन पाळ्या होत्या. “संस्थेच्या सेक्रेटरीला फोन लावा. तिघांना तोंडी कळवा म्हणावं.”

पाच वीसला मी फोन लावला. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता. तीन नावं सांगितली. सेक्रेटरी म्हणाले, “बघतो.” फोन कट झाला.

तिला फोन करावा हे मला सुचलं होतं. लग्नात असेल म्हणून केला नाही. साडेसहाला चुलत्यांना जायला हवा होता तो मेसेज गेला नाही. तिघांपैकी दोघांना निरोप मिळाला. तिसरे तिचे चुलते.

बुधवारी सकाळी साडेदहाला तिचा बदल मुख्य कोडमध्ये गेला. ती अकराला आली. लग्नातली मेंदी हातावर होती.

“चुलते सात वाजता वावरात गेले,” ती म्हणाली. “गेट बंद. पाणी दुसऱ्या चारीला. बाया बांधावर बसलेल्या. मला म्हणाले, पोरी, तूच म्हणली व्हतीस ना, मेसेज आल्याशिवाय जाऊ नका?”

मी म्हणालो, माझी चूक झाली.

“दादा, ‘बघतो’ म्हणजे तुम्ही उघडून बसलाय असं मला वाटलं. ‘बघतो’ म्हणजे बघीन, हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी दुसऱ्याला दिलं असतं. सुट्टी नसती घेतली.”

तिचा आवाज चढला नाही. ती जागेवर जाऊन बसली.

बैठक त्या दिवशी झालीच नाही. अध्यक्षांना पुण्याला जावं लागलं. माझा रिपोर्ट शुक्रवारपर्यंत तसाच पडून होता.

गुरुवारी प्रमुखाने वाचण्याच्या कामांना वेळ ठरवून दिली. सकाळी आल्याबरोबर अर्धा तास आणि जेवणानंतर अर्धा तास, स्वतःचं काम उघडण्याआधी. सवडीत बसणार नसेल तर तासाभरात परत करायचं, म्हणजे मागणाऱ्याला दुसरा माणूस शोधता येतो. बदल कधी लागणार हे मागणाऱ्याने पहिल्या ओळीत लिहायचं. आणि खाली शब्द नाही, वेळ लिहायची: ‘साडेअकराला’. हे माझ्यासाठी होतं हे चौघांनाही माहीत होतं. नियम मी पाळला. साडेअकराला वाचलं की त्या दिवशीचं माझं काम फारतर अर्धा तास मागे जायचं. सोमवारीही तेवढंच गेलं असतं.

त्यानंतर तिच्या बदलांवर वाचणारा म्हणून माझं नाव आलं नाही. चार महिन्यांनी तिने पुण्यात नोकरी धरली.

चुलत्यांनी आठवडाभर पुढच्या पाळीची वाट पाहिली. आवर्तन लवकर बंद झालं. आठवड्यानंतरच्या रविवारी त्यांनी रोप शेजाऱ्याला देऊन टाकलं. त्या अर्ध्या एकरात त्या हंगामात कांदा लागला नाही.