सहा महिन्यांचं आगाऊ भाडं

बडोद्याजवळच्या बाजवा गावातल्या कारखान्यात नोकरी लागली आणि मी बडोद्याला आले. तोवर कधी भाड्याने राहिलेच नव्हते, त्यामुळे माझ्याबद्दल चार शब्द सांगेल असा जुना घरमालक नव्हता. दांडिया बाजारातल्या घरमालक काकांनी खोली दाखवली आणि विचारलं, "बडोद्यात जामीन कोण राहील?"

"कोणी नाही."

"मग चार महिन्यांचं डिपॉझिट लागेल."

एवढे पैसे अडकवून वर दरमहा भाडं भरणं मला जमणार नव्हतं. मी म्हटलं, "डिपॉझिट नाही. सहा महिन्यांचं भाडं आधीच देते."

"आणि ते संपल्यावर माझ्या हातात काय?"

"तोवर मला ओळखाल. नाही पटलं तर खोली खाली करीन, करारात तसं लिहा."

आतून काकू म्हणाल्या, "जामीनवाल्या मागच्या भाडेकरूने काय दिवे लावले? हिला द्या!"

करार टाइप होऊन आला, तर त्यात माझ्या सहा महिन्यांच्या पैशांपुढे 'डिपॉझिट' लिहिलेलं. "सगळ्यांचं तसंच लिहितात," काका म्हणाले. मी पेन खाली ठेवलं. म्हणजे भाडं पुन्हा वेगळं मागायला मोकळे! 'सहा महिन्यांचं आगाऊ भाडं' असं नव्याने टाइप झालं, तेव्हाच सही केली आणि पैसे पाठवले.

सातव्या महिन्याचं भाडं मी दोन दिवस आधीच भरलं. त्याच आठवड्यात माझ्या कारखान्यात नवी लागलेली मुलगी वरची खोली बघायला आली.

"बडोद्यात जामीन कोण राहील?" काकांनी विचारलं.

तिच्याआधी मी म्हटलं, "मी."

काकांनी हसून किल्ली काढली.