पारिसाअण्णांचं मुंबईचं घड्याळ

निपाणीचे तंबाखूचे व्यापारी पारिसाअण्णा म्हणजे एक नंबरचे हट्टी! खिशातलं घड्याळ त्यांनी मुंबईत घेतलं, तिथल्या टॉवरच्या घड्याळाला मिळवलं आणि जन्मभर तसंच ठेवलं. सारा मुलूख सरकारी वेळेवर चालायचा. मुंबई तेवढी आपल्या जुन्या वेळेला चिकटून, एकोणचाळीस मिनिटं मागं. "सरकारी वेळ सरकारला लखलाभ!" म्हणत अण्णांनी किती मोटारी चुकवल्या, काय सांगावं! लहानग्या लेकाचा, सुकुमारचा हात धरून गेलेल्या मोटारीच्या धुळीकडं बघत उभे राहायचे, आणि वर शिव्या मोटारवाल्याला.

तोच सुकुमार १९३७च्या हिवाळ्यात लंडनला शिकायला होता. तिथं त्याच्या पोटाचं ऑपरेशन झालं. घरात कुणाच्या घशाखाली घास उतरेना. मग तार आली: बरा आहे, गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला बेळगावच्या पोस्टात टेलिफोन करतो.

"तार कुणीबी करंल," राजमतीबाई नवऱ्याला म्हणाल्या. "लेकराचा आवाज ऐकल्याबिगार मला खरं वाटायचं न्हाय."

गुरुवारी दोघं पोस्टात शिरले तेव्हा अण्णांच्या घड्याळात पाच वाजून अकरा मिनिटं. आणि भिंतीवर? सहाला दहा कमी!

पोस्टमास्तर मार्तंडरावांनी कपाळाला हात लावला. "अहो, आता येताय?"

"वाजून गेला का काय?" अण्णांची बोबडी वळली.

"वाजलाच नाही! तिकडं बारा म्हणजे इथं साडेपाच. तिकडं बारा कधीच होऊन गेले."

"साडेपाच! ह्यो अर्धा तास कुठनं काढला?"

"देश केवढा रुंद! पाच तास धरले तर कलकत्त्याला घड्याळाच्या मानानं भलत्या लवकर उजाडतं, सहा धरले तर कराचीला भलत्या उशिरा. म्हणून मधली साडेब्याऐंशी अंशांची रेषा धरली. अंशाला चार मिनिटं. करा हिशोब."

"हिशोब घाला चुलीत!" राजमतीबाई बाकावर मटकन बसल्या. "फोन आलाच न्हाय म्हंजे पोराला काय तरी झालं! अहो, फेका ते घड्याळ!"

अण्णा शेजारी टेकले. बसून बसून जीव टांगणीला लागला. शेवटी त्यांनी घड्याळ काढलं. जन्मात पहिल्यांदा ते भिंतीच्या घड्याळाला मिळवायला निघाले. काटे फिरवायची कळ ओढली, आणि टेलिफोन खणखणला!

"लंडन! लंडन आलं!" मार्तंडराव ओरडले.

अण्णांनी झडप घातली, राजमतीबाईंनीही शेजारून कान लावला. खरखरीतून आवाज आला, "अण्णा, मी सुकुमार! पोचलासा न्हवं? तुमच्या घड्याळात साडेपाच झालं न्हवं?"

अण्णांनी हातातल्या घड्याळाकडं बघितलं. साडेपाच! "व्हय रं... पण तुला कसं ठावं?"

"सरकारी साडेपाचला मागितला असता तर तुमची गाठ पडली असती व्हय? म्हणून इथल्या बाराचा फोन एकोणचाळीस मिनिटं पुढं ढकलला. लई मोटारी चुकवल्यात तुमच्यासंगं!"

राजमतीबाईंनी फोन हिसकून घेतला. "लबाडा, बापाचा बी बाप निघालास की!" "आई, हसवू नकोस गं, टाकं दुखत्यात," एवढंच ऐकलं आणि त्या हसत, रडत नवऱ्याकडं वळल्या.

"त्या घड्याळाला हात लावशीला तर बघा!"

अण्णांनी डोळे पुसले आणि कळ परत आत दाबली.