आईचं काविळीचं औषध आणि एक पुस्तक

राजुरीला आमच्या दारात काविळीचे रोगी यायचे. आई त्यांना भुईआवळीचा रस गाईच्या दुधातून द्यायची. तिची आईही द्यायची. आमच्या घरात डोकेदुखीच्या गोळीवरही कुणाचा विश्वास नव्हता.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी नारायणगावच्या वाचनालयात काम करत होते. तिथं घरगुती औषधांवरचं एका डॉक्टरांचं पुस्तक आलं. माझा घरच्या औषधांवर गाढ विश्वास, म्हणून जरा भांडायच्या तयारीनंच ते घरी आणलं. आईला वाचता येत नव्हतं. मी रोज संध्याकाळी मोठ्यानं वाचायचे.

आल्यानं मळमळ थांबते, याला चांगला पुरावा आहे, असं त्यात होतं. खोकल्याला मध बरा, पण वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नको, हेही होतं. आई म्हणाली, "लबाड न्हाई हे पुस्तक. बरं ते बरं म्हणतंय."

मग काविळीचं प्रकरण आलं. त्यात लिहिलं होतं, की नेहमीची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते, म्हणून जे औषध चालू असेल त्याला यश मिळतं. भुईआवळीचे गुण प्रयोगशाळेत दिसलेत, माणसांवर मात्र खात्रीचा पुरावा अजून नाही. मी वाचताना अडखळले.

"म्हंजे माझ्याकडं येणारी बरी व्हत्यात, हे खरं," आई म्हणाली. "माझ्यामुळं व्हत्यात का, ते मला म्हाईत न्हाई. फुडं वाच."

पुढं, कोणत्या काविळीत न थांबता दवाखाना गाठावा, ते होतं. अंगाला खाज, पांढरट शौच, गुंगी, गरोदरपण. तिनं ते दोनदा वाचून घेतलं.

महिनाभरानं डोंगराकडच्या एका गावातून एक म्हातारे शेतकरी आले. डोळे पिवळे, अंगभर नखांचे ओरखडे. आईनं रस काढायला घेतला नाही. आधी विचारलं, "बाबा, परसाकडं कशा रंगाची व्हती?"

"चुन्यावानी पांढरी," ते म्हणाले.

"मग माझ्याकडं तुमचं औषध न्हाई. आजच दवाखान्यात जा."

त्यांच्या मुलाला राग आला. "लई नाव ऐकून आलो व्हतो, मावशी."

"नावानं पोटातलं काय दिसत न्हाई," आई म्हणाली आणि मला त्यांच्यासोबत जीपमध्ये बसवलं.

सोनोग्राफीत पित्ताच्या नळीत खडा निघाला. पुण्याला नेऊन तो काढला, आणि म्हातारे बरे झाले.

त्या पोरानं नंतर गावभर सांगितलं, की मावशीनं परत पाठवलं म्हणून बाप वाचला. मला पुस्तकाचं कौतुक होतंच, पण आईचं जास्त वाटलं. चाळीस वर्षांचं नाव पणाला लावून 'मला म्हाईत न्हाई' म्हणणं मला जमलं नसतं.

पुढं ती आधी रक्त तपासून आलेल्यालाच रस द्यायची, तोही डॉक्टरांना सांगून घ्या म्हणायची. गरोदर बाईला तर दारातूनच दवाखान्यात धाडायची. तरी लोक येतच राहिले.