गाडी पाठवणार नाही

संगीता राठोड दारव्ह्यात आमच्या शेजारी राहते. एका कंपनीच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत ती कामाला आहे. बंजाऱ्यांच्या तांड्यातांड्यांवर फिरणारी दवाखान्याची पांढरी गाडी त्यांचीच. मुंबईहून इंग्रजी स्लाइड येतात, त्या लोकांसाठी मराठीत करायच्या, हे तिचं काम.

उन्हाळ्यात एक स्लाइड आली. शब्दाला शब्द ठेवा, असं वरून बजावलेलं. तिने ठेवला : ‘फिरत्या आरोग्यसेवेचे टप्प्याटप्प्याने समुदायाच्या मालकीकडे हस्तांतरण.’ पहिल्याच तांड्यात लोकांना त्यातलं एकच कळलं, मालकी. गाडी आपल्याला मिळाली असं समजून त्यांनी गाडीला हार घातला, नारळ फोडला. गाडी गेली ती गेलीच; संस्थेने ती बंदच केली होती. तिथले म्हातारे नेमसिंग बीपीच्या गोळ्या संपल्यावरही दर मंगळवारी फाट्यावर जाऊन बसत. ‘आपलीच गाडी हाय, येईन ना.’ तिथेच त्यांना लकवा मारला. त्यातच गेले.

पुढची सभा संगीताच्या माहेरच्या तांड्यात होती. तिची आई चंदाबाईही त्याच गाडीच्या गोळ्यांवर.

आदल्या दुपारी ती लॅपटॉप घेऊन आमच्या ओट्यावर आली. मी मेथी निवडत होते. तिने ती जुनी स्लाइड दाखवली न् लगेच झाकली.

“काय समजलं, काकू?”

“काहीतरी चांगलं होणार आहे.”

“तेच तं.”

तिने लिहिलं, ‘गाडीची सेवा बंद होईल.’

“बिघडली वाटतं,” मी म्हटलं. “दुरुस्त झाली की येईल.”

ती थांबली. “म्हणजे कोण बंद करून राह्यलं, ते लिहा लागते. त्या मोठ्या शब्दांत करणाराच नसते, काकू.”

शेवटी तीनच ओळी उरल्या :

१ जुलैपासून आम्ही गाडी पाठवणार नाही.
बीपीच्या गोळ्या थांबवू नका.
दारव्ह्याच्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

तिचे साहेब मंदार फोनवर म्हणाले, “फार निगेटिव्ह वाटतं हो. लोक चिडतील.”

“चिडू द्या, सर. वाट तं पाहणार नाहीत.”

त्यांनी त्या तीन ओळी पुन्हा वाचून घेतल्या. मग म्हणाले, “लावा.”

सभेला मीही गेले. शाळेची भिंत पांढरी होती, अक्षरं मोठी. पुढे एका ताटात गाडीसाठी हार ठेवलेला. चंदाबाई उतारवयात वाचायला शिकलेल्या. त्यांनीच अक्षर अक्षर लावत मोठ्याने वाचलं. “गाडी... पाठवणार... नाही.”

कोणी टाळी वाजवली नाही. एका बाईने ताट उचलून मागे नेलं. दोघं-तिघं सकाळची जीप कधी निघते, ते विचारू लागले.

“हे तू लिवलं का?” चंदाबाईंनी विचारलं.

“हो, याडी.”

“समजलं मले.” त्या भिंतीकडे पाहत राहिल्या. “नेमसिंगले बी समजलं असतं.”

संगीता प्रोजेक्टरची वायर गुंडाळायला वाकली, ती बराच वेळ वाकलेलीच राहिली.