आप्पांचे नाचरे आकडे

आमच्या बाजार समितीचं नाव सांगत नाही. चाळीसगाव आणि भडगावच्या दरम्यान कुठेतरी आहे, एवढं पुरे. नाव सांगितलं तर आमचे सेक्रेटरी हितेंद्र साहेब माझ्याशी बोलायचे बंद होतील, आणि ते बोलायचे बंद झाले तर आम्हा आडतीवर काम करणाऱ्यांची करमणूक संपेल.

तिथे जीवराम आप्पा मापाडी आहेत. शेतकऱ्याचं पोतं काट्यावर चढलं की वजन बघायचं आणि चारचौघांना ऐकू जाईल असं पुकारायचं, हे मापाड्याचं काम. आप्पांनी एकदा ‘बावन्न चाळीस’ म्हटलं की ते शेतकऱ्याला, व्यापाऱ्याला आणि रस्त्यापलीकडच्या न्हाव्यालाही कळतं. शाळा सातवीपर्यंत, मिशा कर्नलसारख्या, स्वभाव चिडका. आणि तोंड सतत चालू. बोलत नसले तर चावत असतात.

या चावण्याची गोष्ट अशी. आप्पा पूर्वी प्यायचे. थोडंथोडकं नाही, संध्याकाळी त्यांना ओट्याखालून ओढून घरी नेणं हे हमालांच्या कामातच धरलेलं होतं. मग एका होळीला त्यांना काय वाटलं कोण जाणे, सोडली. ना कुठल्या केंद्रात गेले, ना गळ्यात माळ घातली. सदऱ्याच्या खिशात फुटाणे भरले आणि तल्लफ आली की मूठभर तोंडात टाकून कडाकड फोडायला लागले. दारू सुटली, दाढा झिजल्या. यशोदाबाई, म्हणजे त्यांची बायको, म्हणाली होती की दाढा गेल्या तर जाऊ द्या, नवरा तरी घरी आला.

आता बोर्डाकडे वळू. काट्याचा खरा आकडा आत केबिनमधल्या सीलबंद डब्यात दिसतो. तोच आकडा शेतकऱ्यांना दिसावा म्हणून बाहेर भिंतीवर लाल दिव्यांचा मोठा बोर्ड लावलेला आहे, पाच आकड्यांचा. आप्पा त्याच्याकडे बघून पुकारतात. हरभऱ्याचा हंगाम आला, ऊन चढलं आणि दुपारी त्या बोर्डावर काय लिहिलंय ते कुणालाच दिसेना. शेतकरी कपाळावर हात धरून बघायचे आणि मग शिव्या द्यायचे. साहेबांनी कहकशाला बोलावलं.

कहकशा चाळीसगावची. वडिलांचं काटे दुरुस्तीचं दुकान आता ती चालवते. हा बोर्ड तिनेच बनवलेला, आणि त्याबद्दल कुणी वाकडं बोललं तर ती आपल्या सख्ख्या आत्यालाही सोडत नाही. आली, लॅपटॉप जोडला, काहीतरी बदललं आणि म्हणाली, “बघा, उजेड वाढला.” सगळ्यांनी वर बघितलं. वाढला असेल असं वाटलं. बाई एवढं ठासून सांगतेय म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? साहेब तर “डोळे दिपले हो” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी एक पोतं चढवलं, वर बघितलं. डोळे चोळले. परत बघितलं.

“आकडा नाची राहिनात,” ते म्हणाले.

हमाल हसले. व्यापारी बन्सीलाल शेठ हसले नाहीत, कारण त्यांचा माल अडला होता. त्यांनी वर बघितलं. आकडे फोटोत असावेत तसे स्थिर.

“आप्पा, कुठे नाचतायत?”

“दखा ना! मधला वर जाई राहिना, बाजूना खाले.” आणि आप्पांनी रागाने आणखी चार फुटाणे तोंडात कोंबले.

दिवसभर हेच. आप्पा निम्मी वजनं अडखळत पुकारायचे, मध्येच थांबायचे, बोर्डाला शिव्या घालायचे. बाकी कुणालाच काही दिसत नव्हतं. साहेबांनी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे धाडलं. डॉक्टरने तपासलं, “तोंडातलं थुंकून या” म्हणाला, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली आणि सांगितलं की या वयात इतकी चांगली नजर मी बघितली नाही.

चांगल्या नजरेनेच आप्पांचा घात केला. डोळे ठीक, बोर्ड ठीक, तरी माणसाला आकडे नाचताना दिसतात, मग राहिलं काय? बन्सीलाल शेठनी ते मोठ्याने म्हटलं, “आप्पाची परत सुरू झालीय.” दुपारपर्यंत गावभर झालं. साहेबांनी आप्पांचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि सोमवारच्या बैठकीत ठरवू म्हणाले. ठरवायचं काय होतं? पिणाऱ्या मापाड्याला कोण ठेवतो? घरी यशोदाबाई रोज संध्याकाळी दारातच त्यांच्या तोंडाचा वास घ्यायला लागली. मला या सगळ्याचा संताप आला. ज्या माणसाने इतकी वर्षं तोंडाला थेंब लावला नाही, त्याच्या शब्दापेक्षा पाच लाल आकड्यांचा शब्द मोठा?

आप्पा रोज येऊन ओट्याच्या कोपऱ्यात बसायचे. पुकारायला दुसऱ्या एका पोराला उभं केलं होतं. त्याचा आवाज त्याच्या स्वतःच्या कानापर्यंतही जात नव्हता.

सोमवारच्या सकाळी कहकशा आली. कुणी बोलावलं नव्हतं. आपल्या बोर्डाबद्दल कुणी बोलतंय हे तिच्या कानावर गेलं होतं, म्हणून भांडायला आली होती.

“कोण म्हणतं नाचतो? काट्यावर वजन ठेवा.” तिने दहा मिनिटं बोर्डाकडे बघितलं. समोरून, बाजूने, हाताची बोटं डोळ्यांपुढे हलवून. “आप्पा, स्थिर आहे.”

“माले दिसस ते दिसस,” आप्पा म्हणाले. आणि भांडण चालू असतानाही समोरच्याला फुटाणे द्यायचे ही त्यांची सवय. त्यांनी मूठ पुढे केली. कहकशाने रागारागाने दोन तोंडात टाकले, वर बघत कडकन फोडले, आणि तशीच थांबली.

परत दोन. कडकड. चावायचं थांबली. परत चावली.

“या अल्लाह,” ती म्हणाली. “नाचतायत.”

पुढची पाच मिनिटं बाजार समितीच्या इतिहासात लिहून ठेवण्यासारखी होती. साहेब, हमाल, आडते, शेतकरी, झाडूवाली ताजबी, सगळे फुटाणे चावत वर बघत उभे. “हलला!” “माझा पण!” “थांबलं की थांबतो!” एकट्या बन्सीलाल शेठना काही दिसेना. त्यांची कवळी होती; ते फुटाणे नुसते चघळत होते.

“हे काय आहे?” साहेबांनी विचारलं.

“बोर्डावर पाच आकडे दिसतात, पण एका वेळी एकच पेटतो,” कहकशा म्हणाली. “पहिला पेटतो, विझतो, दुसरा पेटतो. पाचवा झाला की परत पहिला. हे इतकं भराभर होतं की डोळ्याला सगळे एकदम पेटलेले वाटतात. अशाने वायरी कमी लागतात. आता चावलं की डोकं हलतं, डोक्याबरोबर डोळा हलतो. पहिला पेटतो तेव्हा डोळा एकीकडे, दुसरा पेटतो तेव्हा दुसरीकडे. मग आकडे वरखाली दिसणारच.”

“पण आधी का नव्हते दिसत?”

तिने बोर्डाकडे एकदा बघून घेतलं. मग अगदी भांडणाच्याच आवाजात म्हणाली, “कारण मी फेरी सावकाश केली. म्हटलं प्रत्येक आकडा जास्त वेळ पेटला तर उजेड जास्त पडेल. पण तो पेटतो जास्त वेळ तसा विझूनही जास्त वेळ राहतो. वाटा पाचातला एकच. दोन आकड्यांच्या मध्ये सगळं क्षणभर बंद ठेवावं लागतं, तेवढा तोटा कमी झाला, म्हणून नखभर फरक पडला असेल. चूक माझी आहे. आप्पांना खरं तेच दिसत होतं.”

साहेबांचा चेहरा एकदम खुलला. “मग सोपंय की! आप्पा, कामावर फुटाणे बंद. हा घ्या बिल्ला.”

आप्पांनी बिल्ला घेतला नाही. खिशावर हात ठेवला.

“साहेब, हाई सुटनं तर ते परत येई,” ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज न्हाव्यापर्यंत पोचला नाही.

साहेब गोंधळले. माणूस वाईट नाही, फक्त सोपं दिसलं की हरखतो. मी म्हटलं, “साहेब, बोर्ड सुधारायचा सोडून तुम्ही माणूस बिघडवायला निघालात.” कहकशा माझ्याकडे वळून म्हणाली, “भाऊ, गप्प बसा, बोर्ड माझा आहे. शिडी आणा.”

काट्याच्या सीलबंद डब्याला हात न लावता तिने बाहेरचा बोर्ड खाली घेतला. आधी फेरीचा वेग कितीतरी वाढवला. इतका की आठाच्या आकड्याची भुतासारखी सावली शेजारच्या एकाच्या आकड्यावर पडायला लागली. मग मधली बंद वेळ नीट बसवून ती घालवली. आप्पांनी चावून बघितलं. आकडे किंचित थरथरले, पण कुणी जागा सोडली नाही. उजेड मात्र पहिल्याइतकाच मिणमिणता. मग तिने पाचांची एक रांग मोडून तीन आणि दोन असे गट केले, दोन्ही एकाच वेळी फिरणारे, दुसऱ्या गटाला आपली वेगळी चिप आणि वायरी. “आता पाचातला एक नाही, तिनातला एक वाटा,” ती म्हणाली. दोनच्या गटातले आकडे जास्त झगझगीत दिसू नयेत म्हणून त्यांना एक पाळी रिकामी दिली. करंट वाढवा म्हणून साहेबांनी सल्ला दिला, तर म्हणाली, “वाढवते, पण बेतानेच. फेरी कधी एका आकड्यावर अडकली तर तो जळेल, आणि तुम्ही मलाच बोलवाल.” वरून ऊन अडवायला पत्र्याची खोल झाप बसवली.

टळटळीत दुपारी बोर्ड पेटवला. दिसला. ओट्याच्या टोकावरून दिसला.

साहेबांनी बिल्ला पुढे केला आणि “झालं गेलं विसरा, आप्पा” म्हणाले. आप्पांनी बिल्ला लावला, तोंडात मूठ रिकामी केली आणि बन्सीलाल शेठच्या मालाचं वजन असं पुकारलं की शेठनी कानावर हात ठेवले.

चहाच्या वेळी मी त्यांच्याशेजारी बसलो. वाटलं, खुशीत असतील. ते चहाकडे बघत होते.

“भाऊ,” ते हळू म्हणाले, “बठ्ठा गाव म्हने, आप्पा पेयेल शे. घरमा बी. मी म्हनं, इतला लोके म्हंतस तर पिईच लेऊ. काल मी गुत्तावर गयथू.”

मी कप खाली ठेवला. “प्यालात?”

“नही. दारमा उभा राहिनू.” त्यांनी मान हलवली. “आज बैठकनंतर आत जावानं ठरायेल व्हतं. ती पोरगी आजना बदला उद्या येती ना, तर आकडा नही भाऊ, मीच नाचतू.”