पिशवीचं भोक

मी माझ्या पोटावरच्या पिशवीचं भोक उलटं कापलं.

आतड्याच्या गाठीचं ऑपरेशन झालं आणि लहान आतड्याचं टोक पोटाच्या उजव्या अंगाला बाहेर काढून ठेवलं. त्याला स्टोमा म्हणतात. लाल, ओलसर, गालाच्या आतल्या बाजूसारखा. त्यातून पातळ मळ येत राहतो, तो रोखणं आपल्या हातात नाही, म्हणून त्यावर पिशवी चिकटवायची. ‘काळपट दिसला तर लगेच फोन करायचा, काका,’ सिस्टर रोज बजावायची. मी मान हलवायचो आणि छताकडे बघायचो.

घरी आम्ही दोघंच. बायकोच्या डोळ्यांत उजेड-अंधारापलीकडे फारसं उरलेलं नाही. त्यामुळे पिशवी मला स्वतःला बदलता आल्याशिवाय खडकवासल्याला घरी सोडणार नव्हते. नाहीतर मुलाकडे बंगळुरूला. तिथे तिला बाथरूमची वाटसुद्धा हाताला धरून दाखवावी लागते.

शिकवणी सकाळी उपाशीपोटी, कारण तेव्हा स्टोमा जरा शांत असतो. जुनी पिशवी हळूच सोलायची, कोमट पाण्याने पुसायचं, त्वचा कोरडी करायची. माझा स्टोमा वेडावाकडा, एका बाजूला फुगलेला. सिस्टरने पारदर्शक कागद त्यावर धरून आकार काढला. ‘आता हा पिशवीच्या चिकट चकतीवर, मागच्या बाजूने काढून कापा. मला दाखवल्याशिवाय चिकटवायची नाही.’ तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांना उलटी झाली, ती धावली.

मी कारखान्यात जन्मभर ड्रॉइंगं काढलेला माणूस. मला काय दाखवायचंय? कापलं, चिकटवलं, वर हाताने दाबून ऊबही दिली. ती आल्यावर ऐटीत म्हणालो, ‘झालं.’ पिशवी अपारदर्शक, तिला आतलं काय दिसणार? तिने कपाळाला आठ्या घातल्या, पण नवी पिशवी लगेच सोलून काढली नाही.

दुपारी एका अंगाला मिरची चोळल्यासारखी आग सुरू झाली. पिशवी काढली तर चकतीखाली मळ शिरलेला आणि कातडी लालभडक, ओली. दुसऱ्या बाजूला चकतीच्या कडेने स्टोमा दाबलेला.

‘काका, आकार समोरून बघून घेतला होता ना? तुम्ही कापलंत चकतीच्या मागून, पोटाला चिकटते त्या बाजूने. कागद पालटायला नको?’

तिने कातडीवर पावडर टाकली, जास्तीची झटकली. दुसरी पिशवी मी तिच्यासमोर कापली, कागद पालटून.

‘उद्या घरी सोडायचं रद्द,’ ती म्हणाली. ‘कातडी सुधारली आणि पुढची पिशवी न गळता टिकली, की मग बघू.’

बायको स्टुलावर बसून सगळं ऐकत होती. घरी न्यायची कपड्यांची पिशवी तिने भरून मांडीवर ठेवली होती, तिचे बंद ती सोडायला लागली.

‘मी म्हणायचे, यांचा कारखाना चांगला चालला होता, मग बंद कसा पडला,’ ती सिस्टरला म्हणाली. ‘ड्रॉइंगं हेच काढत होते ना.’